अकोल्याच्या घराचं रिवायरिंग: लोड, वायर आणि एमसीबीच्या नोंदी

६ एप्रिल

आईने फोनवर सांगितलं होतं की स्वयंपाकघरातल्या बोर्डाजवळ जळकट वास येतो, तोही दुपारीच. आज घरी पोचल्या पोचल्या मेन बंद करून डीबी, म्हणजे एमसीबींची पेटी, उघडली. स्वयंपाकघर आणि मागची खोली (तिथे एसी आहे) एकाच सर्किटवर आहेत, वायर अडीच एमएमची आणि तिच्यावर एमसीबी ३२ अँपिअरचा. बाकी सगळीकडे १६ आणि ६ चे, पंपाला २० चा, इथेच ३२.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, "सोळाचा सारखा पडायचा रे. एसी, शेगडी आणि मायक्रोवेव्ह सोबत लावले की अर्ध्या-पाऊण तासात पडलाच. मग वायरमनने बत्तीसचा टाकून दिला. तेव्हापासून एकदाही पडला नाही."

एमसीबीच्या स्क्रूमधून वायर बाहेर काढली. इन्सुलेशन मूळचं लाल, पण शेवटचं दोन-तीन इंच तपकिरी पडलंय. नवी पीव्हीसी वायर बोटाभोवती गुंडाळली तर रबरासारखी वळते. ही जरा वाकवली आणि बाहेरच्या बाजूने बारीक तडे गेले, एक टवका तर हातातच आला. आतलं तांबं काळपट. बोर्डापाशीही तेच. म्हणजे नुसता ढिला स्क्रू नाही, वायर पूर्ण लांबीभर तापत आली आहे.

पीव्हीसीची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. एसी ऐन उन्हाळ्यात १०.५ अँपिअर घेतो, इंडक्शन शेगडी २००० वॉट म्हणजे ८.७, मायक्रोवेव्ह १२०० वॉट म्हणजे ५.२. बेरीज २४.४ अँपिअर. तिन्ही सोबत चालतात ते नेमके मे महिन्याच्या दुपारी, जेव्हा भिंतही तापलेली असते.

आता १६ चा का पडायचा ते बघा. एमसीबी त्याच्या आकड्याच्या १.१३ पटीला तासभर पडू नये आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडलाच पाहिजे, अशी त्याची रचना असते. १६ ची १.४५ पट २३.२. आपले २४.४ त्याच्या थोडे वर. म्हणून तो अर्ध्या-पाऊण तासात पडायचा, आणि बरोबर पडायचा. ३२ ची १.१३ पट ३६. म्हणजे या वायरमधून ३६ अँपिअर गेले असते तरी तासभर तो हललाही नसता. एमसीबी त्याच्यामागच्या वायरला सांभाळण्यासाठी असतो. तो सारखा पडतो म्हणून मोठा बसवला, की वायरचं राखण काढून घेतलं.

सर्किट बंदच ठेवलंय. फ्रिज एक्स्टेंशनवरून हॉलच्या प्लगला जोडला. मुलं एप्रिलअखेर सुट्टीला येतील, त्याआधी घराचं पूर्ण रिवायरिंग करायचं ठरलं.

८ एप्रिल

दोन दिवस घरभर फिरून प्रत्येक वस्तूची पाटी वाचली. अंदाजाने काही लिहिलं नाही.

गिझर २०००, इंडक्शन २०००, मायक्रोवेव्ह १२००, इस्त्री १०००, मिक्सर ७५०, वॉशिंग मशीन ४०० (हीटर नसलेलं), फ्रिज २००, दोन कूलर मिळून ४००, प्युरिफायर ६०, सहा पंखे ४५०, सगळे दिवे २००, टीव्ही-राउटर-चार्जर २५०. पंप एक एचपीचा, खेचतो साधारण ११०० वॉट. एसीचे २३०० धरले. एकूण १२,३१० वॉट. २३० ने भागलं तर साडेत्रेपन्न अँपिअर.

दोन ठिकाणी पाटी नीट वाचावी लागली. एसीच्या पाटीवर दोन आकडे असतात: रेटेड करंट ७.४ आणि मॅक्सिमम १०.५. रेटेड आकडा बाहेर ३५ अंश असताना मोजलेला असतो. अकोल्यात मे महिन्यात ३५ अंश सकाळी नऊलाच होतात, त्यामुळे इथे मॅक्सिममच धरायचा. दुसरा पंप. ११०० ला २३० ने भागलं तर ४.८ येतात, पण पाटीवर ७ अँपिअर आहे. मोटरचा पॉवर फॅक्टर कमी असतो, वॉटवरून काढलेला करंट तिथे कमीच भरतो. मोटरच्या बाबतीत सरळ पाटीवरचे अँपिअर घ्यायचे.

साडेत्रेपन्न हा आकडा मेन स्विचसाठी कामाचा नाही, कारण सगळं सोबत कधीच चालत नाही. पण "निम्मं धरा" असं म्हणून सोडूनही द्यायचं नव्हतं. आईला घेऊन बसलो आणि वर्षातल्या सगळ्यात जड वेळा शोधल्या.

मला वाटलं होतं मे महिन्याची संध्याकाळ जड असेल: एसी, शेगडी, पंप, एक कूलर, फ्रिज, टीव्ही, पंखे, दिवे. त्याची बेरीज ६७०० वॉट. आई म्हणाली, "डिसेंबरातली सकाळ धर. बाबांचं अंघोळीचं पाणी, माझा स्वयंपाक, मिक्सर, टाकी भरायची, आणि तेव्हाच तुझ्या भावाची इस्त्री." गिझर २०००, शेगडी २०००, मिक्सर ७५०, पंप ११००, इस्त्री १०००, फ्रिज २००, दिवे २००. ७२५० वॉट. साडेएकतीस अँपिअर, आणि पंपाचा खरा करंट धरला तर चौतीसच्या जवळ. आईचं बरोबर निघालं. एसी आणि गिझर या घरात कधीच सोबत चालत नाहीत, म्हणून मेनचा हिशोब हिवाळ्याने ठरला आणि एसीच्या वायरचा उन्हाळ्याने.

मेन ४० अँपिअरचा लागेल. विजेच्या बिलावर मंजूर भार २ किलोवॅट आहे आणि मीटरवर ५-३० A छापलंय. मंजूर भार साडेसात किलोवॅट करून घ्यायचा अर्ज उद्या द्यायचा. घरातलं बदलून बाहेरचं तसंच ठेवलं तर गरम होण्याची जागा फक्त मीटरपाशी सरकेल.

९ एप्रिल

परवानाधारक कंत्राटदार बघून गेले. कामानंतरचा टेस्ट रिपोर्टही तेच देणार. वयाने मोठे आहेत, मी भाऊ म्हणतो. अर्ज दिला.

१२ एप्रिल

आज भाऊंशी अडीच एमएमवरून लांब बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, "अडीचची वायर चोवीस अँपिअर घेते. आपला एसी साडेदहा. कशाला डोकं लावता?"

चोवीस हा आकडा खोटा नाही. भिंतीतल्या पाईपमधून जाणाऱ्या दोन तारांच्या सर्किटसाठी तक्त्यात तोच आहे: दीडला १७.५, अडीचला २४, चारला ३२, सहाला ४१, दहाला ५७. पण तो आजूबाजूला ३० अंश असताना आणि पाईपमध्ये एकटंच सर्किट असताना. आमचे पाईप स्लॅबमधून जातात आणि वर उघडी गच्ची. मी काल संध्याकाळी पाच वाजता छताला आतून तापमापक लावला होता, ४४ अंश. एप्रिलच्या मध्यात. म्हणून ४५ धरले. ४५ अंशाला पीव्हीसी वायरची क्षमता ०.७९ पट होते. अडीचची उरली १९. त्याच पाईपमध्ये दुसरं भारलेलं सर्किट टाकलं तर आणखी ०.८ पट, तीन सर्किटं असली तर ०.७ पट.

वहीत लिहून दाखवलं:

```
Ib ≤ In ≤ Iz
Iz = 24 × 0.79 × 0.80 = 15.2 A
```

Ib म्हणजे सर्किटवर खरोखर येणारा करंट, In म्हणजे एमसीबीचा आकडा आणि Iz म्हणजे त्या जागी, त्या उष्णतेत वायरला पेलणारा करंट. एमसीबी दोघांच्या मधे बसला पाहिजे. दोन सर्किटं एका पाईपमध्ये टाकली तर अडीचच्या वायरवर १६ चा एमसीबीही बसत नाही, १५.२ पेक्षा तो मोठा. चारची वायर घेतली तर ३२ × ०.७९ × ०.८, म्हणजे २०.२. तिथे १६ आरामात बसतो.

भाऊंनी वही दोनदा वाचली. मग म्हणाले, "म्हणजे पाईप वेगळा टाकला तर अडीचमध्येच भागते." अगदी बरोबर, आणि तेच ठरवलं. एसीला आणि गिझरला प्रत्येकी स्वतंत्र पाईप, अडीचची वायर, १६ चा एमसीबी, क्षमता १९. स्वयंपाकघराची दोन सर्किटं मात्र एकाच पाईपमधून न्यावी लागणार, कारण त्या भिंतीत दुसरी चर मारायला जागा नाही, पलीकडे मोरीची लाईन आहे. तिथे शेगडी-मायक्रोवेव्हला चारची.

जुन्या वायरचा हिशोबही यावरून लागला. ४५ अंशात १९ अँपिअरला अडीचची वायर ७० अंशांवर येते, म्हणजे भिंतीपेक्षा २५ अंश वर. तापणं करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. २४.४ ला ती पंचवीसऐवजी एकेचाळीस अंश वर जाणार, साधारण ८६. एका दुपारीत काही जळत नाही. पण रोज दोन तास, तीन उन्हाळे ८६ अंश सोसल्यावर पीव्हीसी वाळते, आणि ६ तारखेला हातात आला तसा टवका निघतो.

१५ एप्रिल

जुन्या वायरी उपसायला सुरुवात. दुपारी एक गोष्ट सापडली, ती नीट लिहून ठेवतो.

मधल्या जंक्शन बॉक्समध्ये दोन फेज आलेल्या, वेगवेगळ्या एमसीबीवरून, दोन्ही १६ चे. न्यूट्रल मात्र एकच, तीही दीड एमएमची. कधीतरी दुसरं सर्किट वाढवताना न्यूट्रल डीबीपर्यंत ओढायचा कंटाळा केलेला. सिंगल फेजमध्ये दोन्ही सर्किटांचा करंट त्या एका न्यूट्रलमधून परत येतो, आणि तो बेरजेने येतो. दोन्हीकडे १४-१४ अँपिअर असले तर न्यूट्रलमध्ये २८. दोन्ही एमसीबी आपापल्या फेजमध्ये १४ च बघतात, त्यांच्या दृष्टीने सगळं ठीक. न्यूट्रलवर लक्ष ठेवणारं कुणीच नाही. या उष्णतेत दीडची वायर, एकटी असली तरी, १४ च्या आसपासच सोसते.

हे बाहेरून ओळखायचं असेल तर डीबीत क्लॅम्प मीटरने एकाच सर्किटचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही जबड्यात एकत्र घ्यायचे. सर्किट स्वच्छ असेल तर शून्याजवळ दिसतं, कारण गेलेला करंट तितकाच परत येतो. दोन-चार अँपिअर दिसले तर न्यूट्रल कुठेतरी दुसऱ्याशी जोडलेली आहे. जाणारा आणि परत येणारा करंट सारखा नसला की वीज तोडणारा आरसीसीबी बसवल्यावर अशी न्यूट्रल त्याच्या बाहेर पडत असेल तर तो काही कारण नसताना पडत राहतो आणि लोक आरसीसीबीच काढून टाकतात.

ठरवलं: प्रत्येक सर्किटची न्यूट्रल स्वतःची, फेजइतक्याच जाडीची, डीबीपर्यंत अखंड. फेज आणि न्यूट्रल दोन्हीला एकच नंबराची स्लीव्ह.

१८ एप्रिल

दिव्या-पंख्यांची वाटणी केली. एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि ८०० वॉटच्या वर जाऊ नये, हा जुना नियम धरला. कूलर आणि टीव्हीचे छोटे प्लग धरून तीन सर्किटं झाली. दीडची वायर, ६ चा एमसीबी. ही तिन्ही एकाच पाईपमधून गेली तरी १७.५ × ०.७९ × ०.७, म्हणजे ९.७ उरतात, ६ चा एमसीबी बिनघोर. हॉल आणि आईबाबांची खोली मुद्दाम वेगवेगळ्या सर्किटवर ठेवली, एक पडला तरी घर अंधारात जायला नको.

फ्रिज, मिक्सर आणि प्युरिफायर मिळून साडेचार अँपिअर. स्वयंपाकघराच्या दुसऱ्या सर्किटला अडीचची वायर आणि १० चा एमसीबी. इस्त्री आणि वॉशिंग मशीनचं एक वेगळं, अडीच आणि १० चं.

चारच्या आणि अडीचच्या वायरी, शिवाय दोन अर्थिंग, २० मिलिमीटरच्या पाईपमधून जाईनात. पहिल्याच वळणावर स्प्रिंग अडकली. जोर लावून ओढलं असतं तर इन्सुलेशन सोललं असतं आणि ते भिंतीच्या आत, कुणाला दिसलंही नसतं. तेवढा तुकडा फोडून २५ चा पाईप टाकला. अर्धा दिवस गेला.

२१ एप्रिल

पंप. इथे भाऊंनी मला शिकवलं.

पंप मागच्या विहिरीवर, डीबीपासून ३८ मीटर. सात अँपिअरसाठी मी अडीच लिहिली होती. अडीचमध्ये दर अँपिअर दर मीटरला १८ मिलिव्होल्ट पडतात (जाण्यायेण्याच्या दोन्ही तारा धरून), म्हणजे ७ × ३८ × १८, साधारण ४.८ व्होल्ट. दोन टक्के. मला ते ठीक वाटलं.

भाऊ म्हणाले, "चालू असताना ठीक आहे. पण उचलताना? आणि संध्याकाळी होल्टेज राहते कुठं आपल्याकडं?"

सात वाजता मीटर लावला तर १९८ व्होल्ट. पंप सुरू होताना पाच पट करंट घेतो, ३५ अँपिअर. अडीचच्या वायरमध्ये तेव्हा २४ व्होल्ट पडणार, पंपापाशी उरले १७४. एवढ्यात मोटर नुसती गुरगुरते, फिरत नाही, आणि न फिरलेली मोटर तोच सुरुवातीचा करंट घेत राहते. बाबा म्हणायचेच की संध्याकाळी पंप "अडतो". चारच्या वायरमध्ये दर अँपिअर दर मीटरला ११ मिलिव्होल्ट, म्हणजे १४.६ व्होल्टच पडतील. चारची घेतली.

वायर चारची केली म्हणून एमसीबी मोठा केला नाही. वायर जाड घेतली ती लांबीसाठी. एमसीबी १० चाच, पण सी कर्व्हचा. बी कर्व्ह तीन ते पाच पटीला झटक्यात पडतो, १० च्या एमसीबीला ते ३० ते ५० अँपिअर, आणि आपले ३५ त्याच टप्प्यात येतात. सी कर्व्ह पाच ते दहा पटीला पडतो, ५० च्या खाली तो सुरुवातीचा झटका जाऊ देतो. जुन्या डीबीत पंपाला २० चा बी होता. १० चा सुरुवातीलाच पडतो म्हणून आकडा वाढवलेला असणार. आकडा तोच ठेवून कर्व्ह बदलला असता तर काम झालं असतं. २० च्या मागे अडकलेली मोटर जास्त वेळ जळत राहते.

२४ एप्रिल

नवी डीबी बसली. मीटरपासून दहाची वायर: ५७ × ०.७९ म्हणजे ४५, ४० चा डबल पोल मेन तिच्यात बसतो. त्यामागे ४० अँपिअरचा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. मंजूर भार वाढल्याचं पत्र आलं, मीटर बदलायला माणूस सोमवारी येणार.

५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक सर्किटचं इन्सुलेशन तपासलं, फेज-न्यूट्रल आणि दोन्ही अर्थिंगला. तपासताना सगळी उपकरणं काढलेली. सगळीकडे १०० मेगाओहमच्या वर. जुन्या स्वयंपाकघराच्या वायरचा काढलेला तुकडा कुतूहल म्हणून लावून बघितला, ओल्या फडक्यात गुंडाळून. २ मेगाओहम, आणि तडा गेला होता तिथे पाऊण.

२९ एप्रिल

मीटर बदलून झाला. आज दुपारी तीनला मुद्दाम सगळं जड लावलं: एसी, शेगडीवर पाण्याचं पातेलं, मायक्रोवेव्ह, पंप. पाऊण तास. छत आतून ४६ अंश.

एसीने ९.८ अँपिअर घेतले. शेगडी-मायक्रोवेव्हचं सर्किट १३.६. डीबीत वायरींवर तापमापक फिरवला: ५१, ५३, ५२. एका जागी मात्र ६८. तिथेच, शेगडीच्या एमसीबीच्या खालच्या स्क्रूवर. पंधरा मिनिटांनी ७१. वायर चारची, करंट तिच्या क्षमतेच्या दोन तृतीयांश, तरीही. स्क्रूपासून वीत भर मागे त्याच वायरवर ५२. म्हणजे वायर ठीक, जोड वाईट.

मेन बंद करून सोडवलं. बारीक तारांपैकी काही क्लॅम्पच्या मागे बाहेर राहून गेल्या होत्या आणि दाबाखाली अर्ध्याच होत्या. हा स्क्रू मीच आवळला होता. टोक कापून पुन्हा सोललं, तारा पिळून एकत्र केल्या, पिनची लग दाबून बसवली, आवळून वायर ओढून बघितली. मग प्रत्येक एमसीबीचा प्रत्येक स्क्रू असाच ओढून पाहिला. आणखी एक ढिला निघाला, इस्त्रीच्या न्यूट्रलचा.

पुन्हा पाऊण तास. ५१, ५२, ५२, ५३.

३० एप्रिल

डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला बाबांच्या सुवाच्य अक्षरात कागद चिकटवला. प्रत्येक सर्किटचा नंबर, कोणती खोली, वायर किती एमएम, एमसीबी किती, पंपापुढे "सी" असं गोल करून. सगळ्यात खाली बाबांनी स्वतःच्या मनाने एक ओळ घातली: "एमसीबी पडत असेल तर मोठा टाकू नये. आधी काय चालू होतं ते लिहावं आणि मुलाला फोन करावा." कागदावर पारदर्शक टेप लावली. भाऊंनी टेस्ट रिपोर्टवर सही केली आणि आईच्या हातचा चहा घेऊन गेले. चहा नव्या सर्किटवरच्या शेगडीवर झाला, एसी चालू असताना.